मागणी वाढली, तरी दळणाचा दर 10 रुपयेच? आणि गिरण्या 75 की 85?

रांगेतला डबा: शहरात 50 पिठाच्या गिरण्या, सगळ्या एकसारख्या. एका गिरणीचा दिवसाचा खर्च 800 + 2q + 0.02q² रुपये. q म्हणजे दळलेले किलो, आणि 800 मध्ये भाडं, यंत्रावरचं व्याज, मालकाची स्वतःची मजुरी सगळं आलं. शहराची मागणी Q = 15000 − 500P होती, ती Q = 22000 − 500P झाली. P म्हणजे किलोमागे दळणाचा दर. गिरण्या कितीही वाढल्या तरी वीज, भाडं, मजुरी महागत नाही असं धरायचं. दीर्घकाळात दर किती, गिरण्या किती? माझं उत्तर 14 रुपये आणि 75. पुस्तकाच्या मागे छापलंय 10 रुपये आणि 85. छपाईची चूक असावी. मागणी एवढी वाढून दर जागच्या जागी कसा राहील?

सीमांत: छपाई बरोबर आहे. तुमचे 14 रुपयेही खोटे नाहीत, फक्त तो मधला मुक्काम आहे. 50च गिरण्या असताना दर 14 वर चढतो, प्रत्येक जण 200 ऐवजी 300 किलो दळतो. गल्ला 4200, खर्च 3200, म्हणजे मालकाची मजुरी वळती करूनही रोज 1000 रुपये उरतात. हे हजार रुपये दिसत असताना शेजारचा गाळेवाला गप्प बसेल का? तो गिरणी टाकतो, मग दुसरा टाकतो, आणि दर उतरू लागतो. उतरणं कुठे थांबेल ते खर्चावरून काढायचं, मागणीवरून नाही. किलोमागे सरासरी खर्च सगळ्यात कमी येतो 200 किलोला: 800 भागिले 200 म्हणजे 4, अधिक 2, अधिक 4. झाले 10. याच्या वर दर असेपर्यंत नवा माणूस येतच राहणार.

आता तुमचे 75 कुठून आले ते बघा. तुम्ही 14 रुपये दराला खपणारे 15000 किलो घेतलेत आणि 200 ने भागलेत. दर एका काळातला, गिरणीचा आकार दुसऱ्या काळातला. दर 10 वर आला की गिऱ्हाईकही वाढतं, 22000 − 5000 म्हणजे 17000 किलो. भागिले 200, झाल्या 85.

ताळा करायचा असेल तर 75 गिरण्या ठेवून दर काढा. 10 रुपये 84 पैसे येतो आणि प्रत्येकाला अजून रोज 177 रुपयांच्या आसपास सुटतात. म्हणजे आत येणं थांबलेलं नाही.

वाण्याची आळी: दर परत 10 वर येणार हे पटलं. पण नव्या गिरण्यांचा घाट कशाला? आहेत त्या 50 नी 340 किलो दळावं, 17000 भरले. दुकान तेच, भाडं तेच, उलट 800 रुपये जास्त किलोंवर पसरतील.

सीमांत: 800 पसरतात हे बरोबर, पण 0.02q² कडे तुम्ही पाठ फिरवलीत. दगड तापतो, पट्टा जास्त झिजतो, संध्याकाळी जादा माणूस लागतो, ते सगळं त्या पदात आहे. 340 किलोला सरासरी खर्च 11 रुपये 15 पैसे, आणि शेवटचा किलो दळायला 15 रुपये 60 पैसे. 10 रुपये घेऊन तो किलो कोण दळेल? दर 10 असेल तर मालक 200 वरच हात आखडतो. जुनी गिरणी दीर्घकाळात तसूभर वाढत नाही, सगळी वाढ नव्या गिरण्यांच्या संख्येतून येते. गिरण्या वाढूनही वीज, भाडं, मजुरी महागत नाही अशा धंद्याला ‘स्थिर खर्चाचा धंदा’ म्हणतात. ते ऐकून एका गिरणीचा खर्च सपाट आहे असं वाटतं, गफलत तिथेच होते. सपाट असतो तो अख्ख्या धंद्याचा दीर्घकालीन पुरवठा.

कोपऱ्यावरचा गाळा: कागदावर ठीक आहे हो. आमच्या चौकात गिरणी चालते म्हटल्यावर मालकाने गाळ्याचं भाडं वाढवलं. मग 800 चे 800 राहतात कुठे? हे सगळं गृहीतकच पोकळ आहे.

दळणकांडप: भाऊ, दोन वेगळ्या गोष्टी एका डब्यात नका घालू. तुमच्या चौकाचं भाडं वाढलं ते जागा मोक्याची म्हणून. आतल्या गल्लीत जुन्या भाड्यात गाळा मिळतोय तोवर नवा गिरणीवाला तिथे बसेल आणि शहराचा दर तोच ठरवेल. तुमचा फायदा मालकाच्या खिशात गेला, एवढंच. विजेचंही तसंच. दर वीज नियामक आयोग ठरवतो, चार गिरण्या वाढल्या म्हणून युनिट महागत नाही.

शहरभर गाळे महागले तर मात्र गणित बदलतं. समजा 85 कडे जाताना सगळ्यांचंच भाडं रोज 200 ने वाढलं, 800 चे 1000 झाले. मग सरासरी खर्चाचा तळ 224 किलोच्या जवळ सरकतो, दर 10 रुपये 94 पैशांवर अडतो आणि गिरण्या 74 च्या आसपास पुरतात. तो मग स्थिर खर्चाचा धंदा उरत नाही.

रांगेतला डबा: म्हणजे माझे 75 जवळपास बरोबरच!

सीमांत: नापास मुलगा घड्याळ बंद पडल्याने वेळेवर पोचला, त्यातली गत. दर 14 धरून 75 काढणं आणि भाडं वाढून 74 येणं, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

वाण्याची आळी: मोजून 35 जण येतात आणि छत्तिसावा दारातून परत फिरतो, हे काही मला झेपत नाही. 1000 रुपये नफा बघून 45 जण आले तर?

दळणकांडप: येतातच. सगळ्यांना तोच नफा दिसतो, बाकीचे किती निघालेत ते दिसत नाही. 95 गिरण्या झाल्या तर दर 9 रुपये 30 पैशांवर येतो, प्रत्येक जण 183 किलोच्या आत दळतो आणि रोज 133 रुपयांच्या आसपास तोटा खातो. तरी शटर लगेच पडत नाही, कारण 800 सोडून दळण्याचा खर्च किलोमागे साडेपाच-पावणेसहा रुपयेच आहे. चालू ठेवली तर भाड्याचा बराच भाग निघतो, बंद केली तर तोही जातो. भाडेकरार संपला किंवा मोटर जळाली की मग माणूस बाहेर पडतो. वाट बघायची ती या दहा गिरण्या जाईपर्यंत.

सीमांत: इथे माझा थोडा मतभेद. जुनं यंत्र विकून जर भंगाराचाच भाव येत असेल, तर त्यावरचं व्याज 800 मध्ये धरणं आत येणाऱ्यासाठी योग्य, पण आत असलेल्यासाठी नाही. त्याच्या हिशेबात 800 चे 600 सुद्धा होऊ शकतात, आणि मग 9.30 ला तो जाणारच नाही.

दळणकांडप: यंत्र कायम टिकत असेल तर. दगड घासतो, मोटर बदलावी लागते, आणि तेव्हा पुन्हा पूर्ण 800 चा हिशेब समोर येतो.

कोपऱ्यावरचा गाळा: आणि तोवर अर्ध्या घरांत घरघंटी आलेली असते. तुमचे 22000 तरी 22000 राहतील का?