पाच वर्षं भरली नाहीत म्हणून माझ्याच पीएफवर कर?

पौडफाटा:
जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२४ अशी सव्वातीन वर्षं एका कंपनीत काढली. राजीनामा दिल्यावर तीन महिने घरी होते, बहिणीचं लग्न तोंडावर होतं, म्हणून डिसेंबरात पीएफ काढला. २,६१,८०० जमा होते, २६,१८० टीडीएस कापून बाकीचे मिळाले. जानेवारीत नवीन नोकरी लागली. रिटर्न भरताना दोन्हीकडचा पगार दाखवला, पीएफ दाखवला नाही. कर तर कापलाच होता ना! टीडीएसचा आकडा आपोआप भरून आला होता, तो तसाच ठेवला, म्हणून रिफंडही दिसत होता. आता कलम १३९(९) खाली नोटीस आली आहे, रिटर्न सदोष आहे म्हणे. माझं मत विचाराल तर ही सरळ लूट आहे. माझ्याच पगारातून गेलेला पैसा, त्यावर परत कर कसला?

रोखठोक:
शंभर टक्के सहमत. पगारदार माणूस कुठे पळून जात नाही, म्हणून त्यालाच धरायचं. तुम्ही पैसे काढताना फॉर्म १५जी जोडायला हवा होता. मग एक पैसाही कर लागला नसता.

खतावणी:
रोखठोक, तो फॉर्म जोडून कपात थांबते, कर थांबत नाही. आणि तो द्यायचा कुणी, तर ज्याच्या वर्षभराच्या उत्पन्नावर कर शून्य येतो त्याने. यांनी दिला असता तर खोटं निवेदन झालं असतं.

पौडफाटा, लूट आहे की नाही ते पुढे बघू, आधी नोटीस. तुम्ही २६,१८० ची वजावट मागितली, पण ती ज्या रकमेतून कापली त्या रकमेची नोंद रिटर्नमध्ये कुठेच नाही. फॉर्म २६एएसमध्ये मात्र कलम १९२ए समोर २,६१,८०० दिसत असणार. संगणकाने दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं, एवढंच. नोटिशीपासून पंधरा दिवसांत e-Proceedings मध्ये जाऊन दुरुस्त रिटर्न द्या. मुदत चुकली आणि वाढवूनही घेतली नाही, तर रिटर्न भरलंच नव्हतं असं धरतात, आणि मग खरी डोकेदुखी.

गोदाकाठ:
पण नियम दहा वर्षांचा आहे ना? माझ्या मिस्टरांना कार्यालयात दहाच सांगितलं होतं.

खतावणी:
ते पेन्शनचं, ताई. दहा वर्षांच्या आत पेन्शनचा हिस्सा १०सी भरून काढता येतो. इथे पीएफच्या करमाफीचा प्रश्न आहे, त्याला सलग पाच.

बालेवाडीचा बाळू:
मी उलट्या बाजूचा. पैसा तुमचा आहे, मान्य. पण तो आत जाताना तुम्ही ८०सी खाली करसवलत घेतली. कंपनीचा हिस्सा तुमच्या खात्यात पडला तेव्हा त्यावर कर भरला नाही, दरवर्षीच्या व्याजावरही नाही. ही सूट म्हातारपणासाठी साठवणार म्हणून होती. अट मोडली, सूट परत गेली. यात लूट कुठे आली? आणि नवी नोकरी लागेपर्यंत थांबून खातं तिकडे वळतं केलं असतं, तर ही सव्वातीन वर्षं पुढच्या पाचांत धरली गेली असती.

पौडफाटा:
लग्नाची तारीख वळती करता येत नाही हो. आणि सगळी सूट मी कुठे घेतली? २०२३-२४ पासून मी नव्या करप्रणालीत आहे. तिथे ८०सी नाहीच.

खतावणी:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. टीडीएस सगळ्या रकमेवर दहा टक्के कापतात, पण करपात्र सगळी रक्कम असतेच असं नाही. पीएफच्या पासबुकात तुमचा हिस्सा आणि कंपनीचा हिस्सा वेगळा दिसतो. आकडे टाका बघू, आणि त्या वर्षाचा करपात्र पगारही.

पौडफाटा:
माझे महिन्याला ३,६००, एकूण १,४०,४००. त्यावर व्याज १८,०००. कंपनीचे महिन्याला २,३५० (१,२५० पेन्शनला जायचे), एकूण ९१,६५०, त्यावर व्याज ११,७५०. प्रमाणित वजावट जाऊन पगार ८,८५,०००.

खतावणी:
कंपनीचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज मिळून १,०३,४००, हे पगारात येणार. तुमच्या हिश्श्यावरचं व्याज १८,००० इतर उत्पन्नात. यातून सुटका नाही. उरले तुमचे स्वतःचे १,४०,४००. त्यातले पहिल्या २१ महिन्यांचे ७५,६०० तुम्ही जुन्या प्रणालीत ८०सी मध्ये दाखवले असतील, तर ती सूट परत जाते. नंतरच्या १८ महिन्यांचे ६४,८०० कर भरूनच आत गेलेत, त्यांना हात लागत नाही.

म्हणजे करपात्र एकूण १,९७,०००. हे सगळं याच वर्षी धरलं तर पगारावरच्या करापेक्षा सेससकट सुमारे २४,७५० जास्त होतात. २६,१८० कापलेत, म्हणजे हजार-दीड हजार तुम्हालाच परत. पण घाबरून अख्खे २,६१,८०० टाकलेत तर ३४,८६० होतील आणि खिशातून साडेआठ हजारांवर जातील. आणखी एक, त्या दोन वर्षांत विमा वगैरे धरून पीएफशिवायच ८०सी चे दीड लाख भरत असतील, तर ७५,६०० मधलंही परत करण्यासारखं काही नाही.

बालेवाडीचा बाळू:
याच वर्षी धरायचं हे कुणी सांगितलं? आयकर कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात वर्षवार हिशेब आहे. फंडाला मान्यता नसती तर त्या-त्या वर्षी किती कर पडला असता, ते काढायचं. माझे सीए तसंच करतात.

खतावणी:
कायद्याचे शब्द तसेच आहेत, नाकारत नाही. पण रिटर्नच्या फॉर्ममध्ये चार वर्षांचा तो हिशेब मांडायचा कुठे? म्हणून बरेच जण सरसकट याच वर्षी दाखवतात. तेव्हा वीस टक्क्यांत असाल आणि आज पंधरात, तर यात तुमचा फायदाच. दोन सीए, दोन उत्तरं. जे कराल त्याचा तक्ता आणि जुन्या पगारपत्रकांच्या प्रती जपून ठेवा.

चिंचवडकर:
माझं वेगळंच. साडेतीन वर्षांनी आमचा कारखानाच बंद झाला. अशा वेळी पाच वर्षांची अट नाही. पण कंपनीने नोकरी सोडल्याचं कारण पोर्टलवर चुकीचं भरलं, म्हणून टीडीएस कापलाच. शेवटी कारखाना बंद झाल्याचं पत्र मिळवलं, रिटर्नमध्ये रक्कम करमुक्त दाखवली, रिफंड आला. पत्रासाठी जुन्या एचआरच्या घरी तीन चकरा.

रोखठोक:
तुमचं जमलं, कारण कारखाना बंद पडला. चाकणला अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर राबणाऱ्या पोरांचं काय? ठेकेदार बदलला की नोकरी गेली. पन्नास हजारांच्या आत रक्कम असली तर टीडीएस नाही, पण कर आहेच, तो कुणाच्या गावीही नसतो. करार संपणं हे हाताबाहेरचं कारण नाही का?

खतावणी:
माझ्या मते आहे. राजीनामा नाही, पण ठेकेदाराने माणूस कमी केला तर हातात काय राहतं? फक्त पोर्टलवर कारण तसं लागलेलं हवं, आणि ठेकेदार कुठलं कारण टाकतो ते तुम्ही पाहिलंच असेल.

बालेवाडीचा बाळू:
मला नाही पटत. कराराची तारीख सही करतानाच माहीत असते. एक ठेकेदार गेला तरी यूएएन तोच राहतो, पुढच्याकडे रक्कम वळती करता येते.

रोखठोक:
पुढचा पीएफ भरत असेल तर!

पौडफाटा:
जुनी पगारपत्रकं सापडली. २०२१-२२ ला ८०सी मध्ये पीएफ आहे, २०२२-२३ ला पीएफ सोडूनच दीड लाख झाले होते. म्हणजे ७५,६०० मधले ३२,४०० च. रविवारी बसून दुरुस्त रिटर्न भरते, नोटिशीचे नऊ दिवस उरलेत. कंपनीच्या पैशावर कर, हे बाळूंनी पटवलं. माझ्या ३२,४०० वर मात्र अजून पटलेलं नाही.