'परतावा' म्हणजे रिटर्न की रिफंड?

कोरीपाटी: एका करसल्लागार फर्मच्या वेबसाइटचं मराठी लिहितेय. त्यांना साध्या माणसाला जवळचं वाटायचंय पण कच्चंही वाटायचं नाहीये. आधीचं वाक्य होतं 'सर्वंकष करविषयक अनुपालन सेवा', मी केलं 'परताव्याची काळजी आमच्यावर सोडा'. चार क्लायंटना दाखवलं तर दोघांनी विचारलं, किती पैसे परत मिळतील? मला तर रिटर्न भरणं म्हणायचं होतं. शब्द चुकला का?

जुनी खातेवही: चुकला. परतावा म्हणजे परत मिळतं ते, म्हणजे रिफंड. भरून द्यायचं ते विवरणपत्र, बोलताना रिटर्न. बातम्यांतही 'परतावा भरा' असं छापतात, त्यात गुंतवणुकीच्या नफ्यालाही परतावाच म्हणतात, म्हणून हा घोळ. पण फर्मला तो महागात पडेल, कारण माणूस पैसे मिळतील म्हणून येणार आणि हिशोब केल्यावर उलट कर भरायचा निघाला की त्याला वाटणार यांनी फसवलं.

काना-मात्रा: मग सरळ सगळीकडे 'विवरणपत्र' लिहा ना, भारदस्त शब्द असला की माणसं हुशार वाटतात.

जुनी खातेवही: घोळ मिटेल हे खरं, पण आपल्याला कळला नाही म्हणून शब्द हुशार वाटत असेल तर तो माणूस फोन करायलाच कचरतो. मथळ्यात रिटर्न ठेवा, विवरणपत्र फक्त फॉर्मवरचं नाव सांगताना. आणि एका पानावर रिटर्न, विवरणपत्र, परतावा आलटून पालटून नको, वाचणाऱ्याला त्या तीन वेगळ्या सेवा वाटतात.

घाईत: माझा परतावा आठ महिने अडकलाय, कोणाला विचारायचं?

जुनी खातेवही: बघा, यांनी शब्द बरोबर वापरला :) दादा, आधी दिलेला बँक खाते नंबर बरोबर आहे का बघा, बाकी वेगळा धागा काढा.

सहीवाली: मला 'आमच्यावर सोडा' जास्त खटकतंय. मी अशा ऑफिसात काम केलंय. क्लायंट खरंच सोडून देतो, एखादं उत्पन्न सांगायचं राहतं आणि नोटीस आली की म्हणतो तुम्हीच तर म्हणालात. माहिती खरी असण्याची जबाबदारी त्याचीच असते. त्यापेक्षा 'सही करण्याआधी प्रत्येक आकडा समजावून सांगतो' असं काहीतरी लिहा, त्यात आपुलकीही येते आणि काम येतं हेही दिसतं, वेगळं 'तज्ज्ञ' लिहायला नको.

कोरीपाटी: हे भारी आहे! लगेच विचारलं तर मालक म्हणतात शेवटच्या आठवड्यात एवढा वेळ कोणाकडे असतो.

सहीवाली: मग नका लिहू. पाळता येईल तेवढंच, 'मोठे आकडे समजावून सांगतो' चालेल.

काना-मात्रा: 'मोठे आकडे' म्हणजे लाखातले वाटतात हो. 'मुख्य' म्हणा.

सहीवाली: मुख्य म्हटलं की परत सरकारी वाटतं.