हेडलाईनचं इंग्रजी व्याकरणात बसतं का? मदत हवी आहे

सायली_के: दहावीच्या मुलांची इंग्रजीची ट्यूशन घेते. रिपोर्ट रायटिंगमध्ये एकीने हेडलाईन दिली ‘टू हेल्ड इन थेफ्ट केस’, ती ठीकच, पण खाली मजकुरातही तिने ‘पोलीस अरेस्ट मॅन नियर स्टेशन’ असंच लिहिलं. मी चूक दिली तर म्हणते मॅडम पेपरात रोज असंच छापतात, मग ते वाक्य नाही का? काय सांगू?

गणूभाऊ: नाहीच ते वाक्य. जागा कमी म्हणून वाट्टेल ते गाळतात, त्याला कसले नियम.

जुना_उपसंपादक: गणूभाऊ, जागेचं बरोबर, पण वाट्टेल ते नाही हो गाळत. ‘टू हेल्ड’मधलं फक्त ‘वेअर’ गेलंय, ‘हेल्ड’ जागेवर आहे. ‘पोलीस अरेस्ट मॅन’मधलं ‘अरेस्ट’ काढून बघा, उरतं काय? आर्टिकलचंही तसंच, ‘मॅन बाइट्स डॉग’ चालतं, ‘मॅन बाइट्स अ डॉग’ही एक वेळ चालेल, पण ‘अ मॅन बाइट्स डॉग’ इंग्रजी वाचणाऱ्याला लगेच खटकतं. म्हणजे बरोबर-चूक तिथेही आहेच, फक्त नियम वेगळे. स्ट्राउमन नावाच्या भाषा अभ्यासकाने 1935 मध्येच हेडलाईनच्या भाषेवर अख्खं पुस्तक लिहिलं, तिला ‘ब्लॉक लँग्वेज’ म्हणतात.

प्राची२२: मग माझ्या रेझ्युमेत ‘मॅनेज्ड टीम ऑफ फाइव्ह’ आहे ते चालेल ना? उद्या पाठवायचाय.

जुना_उपसंपादक: चालेल, पण ती तऱ्हा वेगळी. तिथे ‘आय’ म्हणजे कर्ताच गाळलाय, हेडलाईनमध्ये कोण ते बहुतेक वेळा सांगावंच लागतं.

सायली_के: मग मजकुरात का नको, हे तिला कसं पटवू?

जुना_उपसंपादक: तिला 2009 ची गाजलेली हेडलाईन दाखवा, ‘व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स’. लोक म्हणाले हे ‘क्रॅश ब्लॉसम्स’ काय प्रकरण आहे बुवा? खरं तर जपान एअरलाइन्सच्या 1985 च्या अपघातात जिचे वडील गेले ती व्हायोलिनवादक आता बहरतेय, अशी बातमी होती. ‘हू वॉज’ गळालं आणि ‘ब्लॉसम्स’ हे क्रियापद आहे हेच कळेना. हेडलाईनचा घोळ निस्तरायला खाली बातमी असते. बातमीच तशी लिहिली तर वाचणाऱ्याने कुठे जायचं?

मेधा_ठाणे: पण मराठीत ‘लोकल सेवा विस्कळीत’ला क्रियापद नाही म्हणून कोणी अडतं का? ‘हा माझा भाऊ’ तर आपण घरात बोलतो. मी तरी याला वाक्यच म्हणेन.

गणूभाऊ: मराठीला चालतं म्हणून इंग्रजीला कसं चालेल? मी अजूनही वाक्य नाही म्हणतो. नियम असतील, मान्य.

सायली_के: तिला सांगते, हेडलाईनला पूर्ण मार्क, मजकुरात ‘द पोलीस अरेस्टेड अ मॅन नियर द स्टेशन’ लिही. ‘अरेस्ट’चं ‘अरेस्टेड’ पण करायला लावते, घडून गेलेलं वर्तमानकाळात लिहायची सवयही तिथूनच आलीय. वाक्य की नाही ते मात्र ती परत विचारणारच.