'हॅव' आणि 'यस्टरडे' एका वाक्यात: दिसलं की खोडायचं का?

रात्रपाळी: पाळी बदलताना पुढच्या पाळीसाठी जी नोंद इंग्रजीत लिहिली जाते, ती तपासायचं काम माझ्याकडे आहे. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे', 'वी हॅव क्लोज्ड द व्हॉल्व्ह यस्टरडे' अशी वाक्यं रोज येतात. मी 'हॅव' खोडतो. एक सहकारी म्हणतो, शोधून बघ, 'हॅव सीन हिम यस्टरडे' छापील पुस्तकांतही सापडतं, म्हणजे चालतं. खरं काय, आणि पडताळायचं कसं?

ठाम: चूक म्हणजे चूक. काल संपला, त्यामुळे त्याच्यासोबत 'हॅव' येणारच नाही. एकेक वाक्य वाचत बसू नका. मी फाईलवर एवढंच चालवतो आणि जे निघेल ते दुरुस्त करतो:

```
grep -niE '(\bhave|\bhas|'\''ve)\b[^.?!]*\b(yesterday|ago|last (week|year))\b' log.txt
```

जुनी शाई: नियम बरोबर आहे, चाळणी मात्र भोकाची आहे. ती चालवून जे निघेल ते सगळं दुरुस्त केलंत तर बरोबर वाक्यं बिघडतील. 'ही मस्ट हॅव सीन हिम यस्टरडे' हे चोख इंग्रजी आहे, 'ही सीम्स टू हॅव लेफ्ट यस्टरडे' हेही. 'मस्ट', 'कुड', 'शुड' किंवा 'टू' यांच्यानंतर क्रियापदाला भूतकाळाचं रूप घेता येत नाही, म्हणून भूतकाळ दाखवायचं काम तिथे 'हॅव'च करतो. त्या 'हॅव'ला कालचं वावडं नाही.

रात्रपाळी, तुमच्या सहकाऱ्याला जी छापील वाक्यं सापडली, त्यांत 'हॅव'च्या लगेच आधीचा शब्द बघा. बहुतेक ठिकाणी 'कुड', 'मे', 'टू' असं काहीतरी निघेल. चार शब्दांचा तुकडा शोधला की त्याच्या डावीकडचा शब्द कापला जातो, आणि सगळा निकाल त्या शब्दावरच असतो.

दुसरी गोष्ट, 'यस्टरडे' कोणत्या क्रियापदाचा आहे ते बघा. 'आय हॅव रेड द नोट ही रोट यस्टरडे' यात लिहिणं कालचं आहे, वाचणं नाही. वाक्य बरोबर आहे. आणि 'सिन्स यस्टरडे' असेल तर काल ही फक्त सुरुवात असते, काळ आतापर्यंत चालत आलेला असतो. तिथे 'हॅव'च हवा.

मी एक साधी कसोटी लावते. त्या क्रियेला 'व्हेन' विचारायचं. उत्तर म्हणून तोच काळाचा शब्द आला, आणि 'हॅव'च्या आधी 'मस्ट', 'टू' वगैरे काही नसेल, तर चूक.

ठाम: मान्य, 'मस्ट'वाली वाक्यं वगळायला हवीत. पण नोंदवहीत अशी किती येणार? तिथे लोक सरळ 'हॅव डन यस्टरडे' लिहितात.

जुनी शाई: नोंदवहीत अंदाज भरपूर असतात. 'समवन मस्ट हॅव ओपन्ड इट लास्ट वीक' हे वाक्य तिथलंच. शिवाय तुमच्या चाळणीतून खऱ्या चुका निसटतात. 'यस्टरडे आय हॅव सीन हिम' यात 'यस्टरडे' आधी आलाय, तो सापडणार नाही. 'ही'ज सीन इट यस्टरडे' सुटेल. वाक्य दोन ओळींत मोडलं असेल तर तेही सुटेल, कारण ती आज्ञा एकेक ओळ बघते. वाचायला कुठून सुरुवात करायची एवढंच ती सांगेल.

पाटीपेन्सिल: आमच्या शाळेत सोपी युक्ती शिकवली होती. 'हॅव'च्या जागी 'हॅड' घाला, 'आय हॅड सीन हिम यस्टरडे'. मी वीस वर्षं तसंच लिहितोय, कोणी चूक काढली नाही.

जुनी शाई: कोणी काढली नाही, कारण तुमच्याभोवती सगळेच तसं लिहीत असतील. 'हॅड'सोबत 'यस्टरडे' येऊ शकतो, व्याकरण अडवत नाही. पण 'हॅड सीन' म्हटलं की वाचणारा कालच्याच दुसऱ्या एखाद्या घटनेची वाट बघतो, कारण पाहणं तिच्या आधीचं असायला हवं. ती घटना आलीच नाही तर वाक्य लटकतं. नुसतं काल पाहिलं एवढंच सांगायचं असेल तर 'आय सॉ हिम यस्टरडे'.

पाटीपेन्सिल: मराठीत 'पाहिलं होतं' म्हणतोच की आपण. 'काल पाहिलं होतं त्याला.' त्यात कुठे दुसरी घटना आहे?

जुनी शाई: मराठीत नाही, आणि सवय तिथूनच लागते. मराठीचं 'होतं' एकटं उभं राहतं, इंग्रजीचा 'हॅड' राहत नाही.

दुभाषी: मला वाटतं सगळे 'हॅव'मागे लागलेत आणि मूळ मुद्दा राहतोय. 'व्हॉल्व्ह कालच बंद केलाय' हे मराठी वाक्य दोन गोष्टी सांगतं: काल बंद केला, आणि तो आता बंद आहे. 'केलाय' आणि 'काल' मराठीत सुखाने एकत्र नांदतात. जर्मन आणि फ्रेंचमध्येही 'हॅव'सारखं रूप कालच्या गोष्टीसाठी बिनदिक्कत वापरतात. इंग्रजी हे दोन्ही एका क्रियापदात बसू देत नाही.

आता रात्रपाळींनी 'हॅव' खोडला की उरतं 'वी क्लोज्ड द व्हॉल्व्ह यस्टरडे'. व्याकरण सुधारलं, पण व्हॉल्व्ह आता बंद आहे हे त्या वाक्यात उरलं नाही. मधल्या पाळीत कोणी उघडला असेल तरी ते वाक्य खरंच राहतं. लिहिणाऱ्याने चुकीच्या इंग्रजीत का होईना, जे सांगितलं होतं ते तपासणाऱ्याने पुसलं.

रात्रपाळी: हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग लिहायचं काय?

दुभाषी: आधी लिहिणाऱ्याला विचारा. फक्त कालची कृती सांगायची असेल तर 'वी क्लोज्ड द व्हॉल्व्ह यस्टरडे' पुरे. आताची स्थिती महत्त्वाची असेल तर दोन तुकडे करा: 'वी क्लोज्ड द व्हॉल्व्ह यस्टरडे. इट इज स्टिल क्लोज्ड.' आणि वेळ महत्त्वाची नसेल तर 'यस्टरडे'च काढा, 'वी हॅव क्लोज्ड द व्हॉल्व्ह' बरोबर आहे. 'हॅव' जावा की 'यस्टरडे', हे व्याकरण ठरवत नाही, लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते ठरवतं.

ठाम: 'स्टिल क्लोज्ड' हे लिहिणाऱ्याने जाऊन पाहिलं असेल तरच. तपासणाऱ्याने मनाने जोडू नये.

दुभाषी: शंभर टक्के. म्हणूनच विचारा म्हणाले.

वाऱ्यावरची पोर: पण ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही असं बोलतात. ऑस्ट्रेलियातले पोलीस घटना सांगताना 'हॅव'ची रूपं वापरत जातात, त्यावर भाषाशास्त्रज्ञांनी लिहिलंय. मग आपण का खोडायचं?

जुनी शाई: ते खरं आहे. पण ती तोंडी निवेदनाची ढब आहे, श्रोत्याला घटनेत ओढण्यासाठी. बोलताना 'आय हॅव सीन हिम', मग जरा थांबून 'यस्टरडे', असंही लोक म्हणतात. तिथे काळाचा शब्द मागाहून सुचलेला असतो. लेखी नोंदीत तो श्वास दिसत नाही, म्हणून मी खोडते.

वाऱ्यावरची पोर: बोलण्यात चालतं ते लिहिण्यात यायला वेळ लागतो एवढंच. मला तरी अजून ही सरळ चूक वाटत नाही.

रात्रपाळी: आज सकाळची नोंद पाहिली. नऊ ठिकाणी 'हॅव' आणि 'यस्टरडे' एकत्र होते. दोन 'मस्ट हॅव'वाली, एक 'सिन्स यस्टरडे', ती तिन्ही तशीच ठेवली. चार सरळ साध्या भूतकाळात नेली. दोन व्हॉल्व्हची होती, ती लिहिणाऱ्याकडे परत पाठवलीत. त्यातल्या एकाचं उत्तर आलं: काल बंद केला होता, पण आत्ता बघून सांगतो.