आधाराशी ७५ की ९०? हॅट फंक्शनने सोडवलेल्या बारचा स्ट्रेस

मिरज_लाइन: ३ मीटरचा बार, एक टोक पक्कं, दुसरं मोकळं. क्षेत्रफळ २०० चौ. मिमी, E = २ लाख N/mm², लांबीभर अक्षीय भार ६ N/mm. एफईएमने सोडवला: तीन सारखे एलिमेंट, लिनिअर हॅट फंक्शन. नोडची डिस्प्लेसमेंट ०.३७५, ०.६ आणि ०.६७५ मिमी आली, ती सूत्राशी तंतोतंत जुळते. पण आधाराशी स्ट्रेस ७५ येतो आणि हाताने काढला तर १८००० भागिले २००, म्हणजे ९०. प्रोग्राम चुकला की एलिमेंट कमी पडले?

अजिंक्यतारा: प्रोग्राम बरोबर आहे, एलिमेंट कमी पडले. हॅट फंक्शनचा उतार एका एलिमेंटमध्ये बदलत नाही, त्यामुळे स्ट्रेस पायऱ्यांसारखा येतो: ७५, ४५, १५. खरा स्ट्रेस ९० पासून शून्यापर्यंत सरळ रेषेत उतरतो. १० एलिमेंट घे, ८५.५ येईल. ३० घे, ८८.५ येईल. संगणकाला यात काहीच कष्ट नाहीत, आकडा स्थिर होईपर्यंत वाढवत जा.

कृष्णाकाठ: दादा, इथे एलिमेंट वाढवणं म्हणजे हातात असलेलं उत्तर टाकून देऊन ते दुरून शोधत येणं. आधाराशी चूक नेमकी qh/2A एवढी आहे: ६ × १००० / ४०० = १५. ती एक टक्क्यावर आणायला ५० एलिमेंट लागतील. तेच ९० तीन एलिमेंटमध्येही मिळतं, फक्त स्ट्रेस उतारातून न काढता रिअ‍ॅक्शनमधून काढायचा.

पहिल्या एलिमेंटचा स्टिफनेस EA/h = ४०००० N/mm. त्याला ०.३७५ ने गुणलं की १५००० N. बहुतेक जण इथेच थांबतात आणि यालाच रिअ‍ॅक्शन म्हणतात. पण पहिल्या एलिमेंटच्या ६००० N भारातला अर्धा, ३००० N, आपणच आधाराच्या नोडवर ठेवला होता. समीकरण सोडवताना ती ओळ बाजूला काढली, म्हणून तो भार नजरेआड झाला. तो परत मिळवला की १८०००, भागिले २००, बरोबर ९०.

```python
import numpy as np
n, L, EA, q = 3, 3000.0, 4e7, 6.0
h = L/n
K = np.zeros((n+1, n+1)); F = np.zeros(n+1)
for e in range(n):
    K[e:e+2, e:e+2] += EA/h*np.array([[1,-1],[-1,1]])
    F[e:e+2] += q*h/2
u = np.zeros(n+1)
u[1:] = np.linalg.solve(K[1:,1:], F[1:])
R = K[0] @ u - F[0]
```

`R` मध्ये -18000 दिसलं पाहिजे. शेवटच्या ओळीसाठी मूळ `K` आणि मूळ `F` शाबूत लागतात. पहिली ओळ खोडून तिथे १ आणि शून्यं भरली असतील, तर रिअ‍ॅक्शन त्यातून निघत नाही. आधी कॉपी ठेवा.

तासगाव_बेदाणा: ताईंशी सहमत. एफईएममध्ये नोडवरचं डिस्प्लेसमेंट नेहमी अचूकच असतं, गडबड असते ती दोन नोडच्या मधे. त्यामुळे एलिमेंट वाढवायची गरजच नाही.

कृष्णाकाठ: "नेहमी" काढून टाका. EA प्रत्येक एलिमेंटमध्ये सारखं असेल आणि भाराची वाटणी हॅट फंक्शनने गुणून, नीट इंटिग्रेट करून केली असेल, तरच. कारण अशा बारमध्ये एखाद्या नोडवर एकच भार ठेवला तर त्याचं खरं उत्तर सरळ रेषांचंच असतं, आणि तो आकार हॅट फंक्शनला हुबेहूब जमतो. मधली गडबड मात्र बरोबर सांगितलीत: पहिल्या एलिमेंटच्या मध्यावर आपल्याला ०.१८७५ मिळतं, खरं ०.२०६२५ आहे.

अजिंक्यतारा: आणि म्हणूनच माझा आग्रह. निमुळता बार घ्या: वर ३००, खाली १०० चौ. मिमी, तीच लांबी, टोकाला १० kN. प्रत्येक एलिमेंटला सरासरी क्षेत्रफळ दिलं तर तीन एलिमेंटला टोकाचं डिस्प्लेसमेंट ०.८१२५ येतं. खरं ०.८२४. नोडवरही चूक आहे, आणि मॉडेल खऱ्यापेक्षा ताठ आहे. टोकाशी स्ट्रेस ७५ दिसतो, खरा १००. इथे रिअ‍ॅक्शन १०००० बरोबरच येते, पण ती आधाराची, टोकाचं काही सांगत नाही.

कृष्णाकाठ: एलिमेंटमधलं बल १०००० आहेच, ते टोकाच्या खऱ्या १०० ने भागा, १०० मिळेल. मधल्या सरासरी क्षेत्रफळाने भागलं म्हणून ७५ आलं.

अजिंक्यतारा: एकच टोक पक्कं आहे म्हणून ते बल समतोलातूनच ठरतं. दोन्ही टोकं पक्की करून निमुळत्या बारवर मधे भार ठेवा. मग बलाची वाटणीच स्टिफनेसवर अवलंबून राहते आणि तीच अंदाजे येते. तिथे भागाकार बदलून भागणार नाही, एलिमेंट वाढवावेच लागतील.

कृष्णाकाठ: दोन्ही टोकं पक्की असतील तर मान्य. पण प्रश्न सारख्या जाडीच्या बारचा होता.

जतची_बोअर: आमच्याकडे बोअरमध्ये वीस पाइप जोडून खाली मोटर लटकते. हे सूत्र लावलं तर पाइप तुटेल की नाही कळेल का? पाइपला एक याप्रमाणे वीस एलिमेंट घेऊ का?

कृष्णाकाठ: दादा, मूळ प्रश्न वेगळा आहे, पण गणित तेच. पाइपचं वजन प्रत्येक एलिमेंटच्या दोन नोडवर निम्मं निम्मं. मोटरचं वजन मात्र पूर्ण शेवटच्या नोडवर, ते वाटू नका. एनआरव्ही मोटरशी असेल तर पाइपातल्या पाण्याचं वजनही खालच्या टोकावरच येतं. पोलादाच्या स्वतःच्या वजनाने १२० मीटरला वरच्या टोकाशी साधारण ९.२ N/mm² स्ट्रेस येतो, पाइप जाड असो की बारीक. पण पाइप आट्यांपाशी तुटतो, आणि तिथे कापलं गेलेलं क्षेत्रफळ या मॉडेलला दिसत नाही. वीस घ्या नाहीतर दोनशे.

मिरज_लाइन: रिअ‍ॅक्शन -१८००० आली. पण मित्राच्या लॅपटॉपवर याच आकड्यांना तिन्ही डिस्प्लेसमेंट ऋण येतात, -०.१५, -०.२२५, -०.१५. भाराचं चिन्ह तपासलं, बरोबर आहे.

अजिंक्यतारा: त्याच्या लूपमध्ये `+=` च्या जागी `=` आहे. पुढचा एलिमेंट आधीच्याला पुसतो, मधल्या नोडच्या कर्णावर ८०००० ऐवजी ४०००० उरतात, आणि `F` च्या मधल्या नोडवर ६००० ऐवजी ३०००. मॅट्रिक्स सिंग्युलर होत नाही म्हणून एररही येत नाही. असेंब्लीनंतर, आधार लावण्याआधी, `K` च्या प्रत्येक ओळीची बेरीज करायला सांग. सगळ्या शून्य यायला हव्यात, आणि `F` ची बेरीज १८०००. त्याच्याकडे दुसऱ्या ओळीची बेरीज -४०००० निघेल.

तासगाव_बेदाणा: नोडवर दोन्ही बाजूंची सरासरी घेतली तर चालेल ना? (७५ + ४५) / २ = ६०, एक मीटरवर खरा स्ट्रेसही ६०च आहे.

अजिंक्यतारा: मधल्या नोडवर चालेल. आधाराच्या नोडला एकच एलिमेंट शेजारी आहे, तिथे सरासरी ७५च राहते, म्हणजे जिथे स्ट्रेस सगळ्यात जास्त तिथेच ती उपयोगी पडत नाही.

कृष्णाकाठ: म्हणूनच तिथे रिअ‍ॅक्शन.

अजिंक्यतारा: किंवा बारीक एलिमेंट, फक्त आधाराजवळ.