मदत हवी आहे: पत्त्यातला ‘मा.’, ‘चौ.’, ‘ग.’ पूर्ण कसा लिहायचा?

छत्रपती संभाजीनगरमधल्या आमच्या वाचनालयाच्या सभासदांचे साधारण 600 पत्ते एक्सेलमध्ये आहेत. पाच-सहा जणांनी टाइप केल्यामुळे प्रत्येकाचे संक्षेप वेगळे. पाकिटांवरच्या लेबलांसाठी सगळे पूर्ण लिहायचे आहेत. लेबलवर चार ओळी मावतात, म्हणजे जागेची अडचण नाही.

आधी सरसकट ‘बदला’ करून पाहिलं आणि पस्तावलो. ‘मा.’चा ‘मार्ग’ केला तर ‘मा. अध्यक्ष’ यांचे ‘मार्ग अध्यक्ष’ झाले. ‘ग.’ची ‘गल्ली’ केली तर ‘ग. नं. 45’, म्हणजे गट नंबर, ‘गल्ली नं. 45’ होऊन बसला. तिथे पोस्टमन कुठली गल्ली शोधणार! ‘चौ.’मध्येही एका ठिकाणी चौक नव्हता, चौथा मजला होता. फाइलची जुनी प्रत होती म्हणून वाचलो. आता नावानंतर आलेला संक्षेपच बदलतोय, ‘नं.’ किंवा आकड्याआधीचा हाताने तपासतोय.

तरी ‘पथ’पाशी अडकलोय. गुलमंडीकडच्या टिळक पथाचा पत्ता कुणी ‘टिळक पथ’ लिहिलाय, कुणी ‘टिळक रोड’, तर कुणी इंग्रजीवरून ‘टिळक पाथ’. ‘पाथ’ चूक, हे कळतं. पण ‘रोड’ लिहिणाऱ्यांचंही ‘पथ’ करू का? मला वाटतं ‘पथ’, ‘मार्ग’ हा नावाचाच भाग, तो बदलू नये. पण जालना रोडचा ‘जालना मार्ग’ केला तर कुणीच ओळखणार नाही.

पाटीवरचं नाव धरायचं की लोकांच्या तोंडातलं? आणि नुसतं ‘टिळक’ एवढंच लिहिलं असेल, तर पिनकोडवरून पथ की नगर हे ठरवता येईल का?