प्रतिसाद: स्टिकरमागचा पांढरा चौकोन

> मसाल्याच्या दुकानाचे व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर केले. पार्श्वभूमी काढली, तरी पुडीमागे पांढरा चौकोन येतोच.

फाइल मध्येच कुठेतरी जेपीजी झाली असणार. जेपीजीत पारदर्शकता टिकतच नाही, रिकाम्या जागी रंग भरला जातो. मूळ फाइलमधून पुन्हा पीएनजी काढा आणि ती स्वतःला पाठवायचीच असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. शेवटी ५१२ × ५१२ पिक्सेलची वेबपी करा, १०० केबीच्या आत. चारही बाजूंनी १६ पिक्सेल मोकळे सोडा.

आणखी एक: डार्क मोडमध्ये ‘गोडा मसाला’ ही काळी अक्षरं गडप होतील. अक्षरांना आणि पुडीला बाहेरून ८ पिक्सेलची पांढरी कड द्या. पॅकमध्ये किमान ३ स्टिकर लागतातच.